‘वापरलेली वस्तू’ म्हणून परत पाठवणी नाकारली, तर दाद कशी मागावी

ऑनलाइन मागवलेली सदोष वस्तू आपण परत पाठवतो, कुरिअरचा मुलगा ती घेऊन जातो आणि पैसे येणार म्हणून आपण निश्चिंत होतो. आठवड्याभराने मात्र संदेश येतो की गुणवत्ता तपासणीत वस्तू वापरलेली किंवा तुटलेली आढळली, त्यामुळे परतावा नाकारला आहे आणि वस्तू तुमच्या पत्त्यावर पुन्हा पाठवत आहोत. बहुतेक माणसे इथेच गप्प बसतात, कारण ‘तपासणीत आढळले’ हे शब्द निकालासारखे वाटतात. प्रत्यक्षात तो गोदामात बसलेल्या एका कर्मचाऱ्याने काही मिनिटांत केलेला दावा असतो, आणि त्या दाव्याचा आधार मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आमच्या घरातल्या एका प्रकरणाच्या आधाराने ही वाट सांगतो. उदगीरला राहणाऱ्या माझ्या वहिनींसाठी त्यांच्या पुण्यातल्या पुतण्याने स्वतःच्या खात्यावरून एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून ३,२९९ रुपयांचा मिक्सर मागवला. १० ऑक्टोबरला तो घरी पोहोचला. दुसऱ्या दिवशी चटणी वाटताना मोठ्या भांड्याच्या बुडातून पाणी झिरपून खालच्या मोटरच्या भागावर पडू लागले. १२ तारखेला ‘सदोष वस्तू’ हे कारण निवडून परतीची विनंती केली, १४ तारखेला कुरिअरचा मुलगा मिक्सर घेऊन गेला आणि २१ तारखेला नकार आला. त्यात एवढेच लिहिले होते की वस्तू वापरलेली आणि हानी झालेली आहे. वहिनींनी मला फोनवर विचारले, “भाऊजी, भांडं वापरल्याशिवाय गळतं हे कळणार तरी कसं?” आमची पुढची सगळी तक्रार या एका प्रश्नावर उभी राहिली.

दोन आरोप वेगळे करा

‘वापरलेली’ आणि ‘तुटलेली’ हे शब्द कंपनी एका दमात लिहीत असली, तरी ते दोन निराळे आरोप आहेत आणि त्यांची उत्तरेही निराळी आहेत. ‘वापरलेली’ या आरोपाला उत्तर देताना आपण ती वस्तू किती आणि कशासाठी चालवली, हे सांगावे लागते. ‘तुटलेली’ या आरोपात मुद्दा वेळेचा असतो. वस्तू आपल्या हाती येण्यापूर्वी तुटली, आपल्या ताब्यात असताना तुटली, की आपण ती सोपवल्यानंतर वाटेत तुटली, हे ठरवावे लागते. या तीन टप्प्यांपैकी फक्त मधल्या टप्प्याची जबाबदारी आपली असते. म्हणून ‘आम्ही काहीच केले नाही’ अशी एकच तक्रार लिहिण्याऐवजी प्रत्येक आरोपाला स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

याआधी स्वतःलाही एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा लागतो, की आपण वस्तू दोषामुळे परत केली की पसंत पडली नाही म्हणून. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांच्या सहाव्या नियमानुसार वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. रंग आवडला नाही किंवा आपणच निवडलेले माप चुकले म्हणून केलेल्या परतीला हे कायद्याचे कवच नाही. तिथे कंपनीचे स्वतःचे परतीचे धोरण लागू होते, आणि त्या धोरणात ‘न वापरलेली, लेबलसह’ अशी अट असेल तर ती पाळावीच लागते. शेताच्या बांधावर एकदा घालून फिरलेला बूट तळाला काळी माती घेऊन गोदामात पोहोचला, तर ‘माप बसले नाही’ ही तक्रार टिकणे अवघड असते. सदोष वस्तूची गोष्ट वेगळी आहे, कारण तिचा दोष अनेकदा चालवून पाहिल्याशिवाय दिसतच नाही.

नकार आला त्या दिवशी काय मागावे

नकाराचा संदेश येताच त्याचा, परतीच्या विनंतीच्या पानाचा आणि वस्तूच्या पानावरील परतीच्या अटींचा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण ही पाने नंतर बदलतात किंवा दिसेनाशी होतात. त्यानंतर ग्राहक सेवेला फोन करण्यापेक्षा लेखी लिहावे. फोनवर बोललातच, तर तक्रार क्रमांक घ्यावा. प्रत्येक तक्रारीला असा क्रमांक देणे ऑनलाइन बाजारपेठ, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल जिथे विकला जातो ते संकेतस्थळ, चालवणाऱ्या संस्थेवर नियमानेच बंधनकारक आहे.

या लेखी पत्रात संताप कमी आणि मागण्या नेमक्या असाव्यात. आम्ही पुतण्याच्या नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहिले, कारण खाते त्याचे होते आणि दुसऱ्या पत्त्यावरून गेलेले पत्र ‘खातेदाराचे नाही’ म्हणून बाजूला पडते. मजकूर साधारण असा होता:

“२१ ऑक्टोबर रोजी आपण आमचा परतावा नाकारला, तो आम्हाला मान्य नाही. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. एक, १४ ऑक्टोबरला आमच्या दारी आपल्या प्रतिनिधीने केलेल्या तपासणीची नोंद व त्या वेळी काढलेली छायाचित्रे. दोन, गोदामात काढलेली छायाचित्रे, तपासणीच्या तारखेसह. तीन, गोदामात तपासलेल्या यंत्राचा अनुक्रमांक. चार, पार्सल गोदामात पोहोचले तेव्हा बाहेरच्या खोक्याची स्थिती. पाच, परतीच्या धोरणातील नेमक्या कोणत्या अटीचा भंग झाला. परतीचे कारण ‘सदोष वस्तू’ असे आम्ही नोंदवले होते. तो दोष आपण तपासला का, आणि तपासला असल्यास काय आढळले, हेही कळवावे.”

यातली पहिली मागणी सर्वांत मोलाची आहे. वस्तू घ्यायला येणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर बहुधा एक प्रश्नावली असते. वस्तू तीच आहे का, रंग जुळतो का, तुटफूट दिसते का, सर्व सुटे भाग आहेत का, अशा प्रश्नांना हो किंवा नाही असे उत्तर भरून आणि काही वेळा फोटो काढूनच तो पिकअप पूर्ण करतो. त्याने ‘तुटफूट नाही’ असे नोंदवून वस्तू स्वीकारली असेल, तर दारी चांगली असलेली वस्तू गोदामात तुटलेली कशी निघाली, याचे उत्तर देण्याची पाळी कंपनीवर येते. शेवटच्या प्रश्नाचाही उपयोग होतो. आमच्या अनुभवात तपासणी करणाऱ्याने भांड्यावरचे पाण्याचे डाग पाहिले होते, पण भांड्यात पाणी ओतून ते गळते का, हे पाहिल्याचे कुठेच नोंदलेले नव्हते.

कंपनी ही माहिती देईलच असे नाही. पुष्कळदा एकच ठरावीक उत्तर पुन्हा पुन्हा येते. तरीही मागणी करून ठेवावी, कारण छायाचित्रे मागूनही दिली नाहीत, ही गोष्ट पुढे आपल्या बाजूने सांगता येते.

परत येणारे पार्सल घ्यावे का

इथे अनेक जण चुकतात. रागाच्या भरात पार्सल नाकारले, की वस्तू पुन्हा गोदामाकडे जाते, कधी वाटेतच गहाळ होते आणि आपल्या हातात दाखवायला काहीच उरत नाही. उलट मुकाट्याने घेतले, तर ‘ग्राहकाने वस्तू स्वीकारली’ अशी नोंद होऊन तक्रार बंद होते. माझ्या मते पार्सल घ्यावे, पण विरोध नोंदवून घ्यावे.

आम्ही २५ तारखेला असे केले. कुरिअरचा मुलगा समोर असतानाच मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. त्यात आधी खोक्याच्या सहाही बाजू, पत्त्याचे लेबल आणि त्यावर छापलेले वजन दाखवले, आणि मगच खोके उघडले. मिक्सरच्या बुडाशी असलेल्या पट्टीवरचा अनुक्रमांक जवळून टिपला आणि तो पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोशी ताडून पाहिला. यंत्र तेच होते. कधी कधी दुसऱ्याच कोणाचे यंत्र परत येते. तसे झाले तर सगळे प्रकरणच बदलते, म्हणून ही पायरी गाळू नये. आमच्याकडे मात्र मोठ्या भांड्याच्या मुठीला बोटभर लांबीची चीर होती. १४ तारखेला सोपवताना काढलेल्या फोटोत ती नव्हती. त्या दिवशी मूळ थर्माकोल खोक्यात घालून दिले होते, पण परत आलेल्या खोक्यात ते नव्हतेच. त्याच संध्याकाळी ईमेल केले, की वस्तू केवळ पुरावा जपण्यासाठी ताब्यात घेतली आहे, याचा अर्थ नकार मान्य केला असा होत नाही, आणि मुठीची चीर आमच्या ताब्यातून गेल्यानंतरची आहे.

बऱ्याच खेड्यांत कुरिअर घरापर्यंत येत नाही. मुलगा फोन करून एसटी स्टँडवर किंवा किराणा दुकानाशी बोलावतो आणि घाईत वस्तू पिशवीत टाकून निघून जातो. परत पाठवताना अशा ठिकाणीच पुरावा हरवतो. तिथेही वस्तूचे चारही बाजूंनी फोटो, अनुक्रमांक, बंद केलेले खोके आणि मुलाच्या मोबाइलवर दिसणारा पिकअप पूर्ण झाल्याचा संदेश, एवढे टिपायला दोन मिनिटे पुरतात. मूळ फोटो मोबाइलमध्येच ठेवावेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास त्यातील वेळ आणि ठिकाणाची आतली माहिती निघून जाते, म्हणून कोणाला पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

दोष सिद्ध करणारा कागद

कंपनीचे म्हणणे आणि आपले म्हणणे समोरासमोर उभे राहिले, की तिसऱ्याचे मत लागते. वॉरंटी असलेल्या यंत्रासाठी हे मत उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्रातून मिळते, आणि ते ऑनलाइन दुकानाच्या गोदामापेक्षा जास्त वजनदार असते.

केंद्राला फोन करण्यापूर्वी आम्ही घरीच एक साधी चाचणी केली. भांडे कोरडे पुसून निम्मे पाण्याने भरले आणि मिक्सरवर न बसवता कोरड्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटे ठेवले. कागदावर गोल ओला डाग उमटला. भांड्याच्या बुडातून पात्याचा दांडा ज्या बुशमधून जातो, तिथले वॉशर नीट बसलेले नसले की पाणी दांड्याच्या कडेने खाली झिरपते. ते मोटरवर पडत असल्याने विजेचा धक्का बसण्याची भीती असते. हा दोष यंत्र न चालवताही दिसतो, त्यामुळे ‘तुम्ही वापरून बिघडवले’ या म्हणण्याला तो चांगले उत्तर देतो. चाचणी सुरू करण्यापासून डाग दिसेपर्यंत व्हिडिओ कुठेही न थांबवता घ्यावा.

२८ तारखेला सेवा केंद्राचा कारागीर घरी आला. त्याने भांडे पाहून नव्या भांड्याची शिफारस केली. त्याच्याकडून आम्ही जॉबशीट मागून घेतले, त्यात यंत्राचा अनुक्रमांक, तारीख आणि ‘भांड्याच्या बुशमधून गळती’ हे शब्द लिहून घेतले आणि शिक्का मारून घेतला. दुरुस्ती मात्र तेव्हा करू दिली नाही. पैसे परत हवे असतील, तर दुरुस्ती आधी होऊ देऊ नये, कारण दुरुस्त झालेल्या वस्तूचा दोष दाखवता येत नाही. ज्यांना वस्तू हवीच आहे आणि फक्त ती नीट चालावी एवढेच वाटते, त्यांनी नवे भांडे घेऊन प्रकरण मिटवणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. वहिनींचा विश्वास उडालेला होता, म्हणून आम्ही पुढे गेलो.

कारागिराने उलट लिहिले असते, म्हणजे जास्त भार टाकल्याने मोटर जळाली किंवा यंत्रात पाणी गेले असे लिहिले असते, तर आमची बाजू तिथेच संपली असती. तक्रार करण्यापूर्वी हा कागद हाती असण्याचा तोही एक फायदा आहे.

तक्रार अधिकारी आणि राष्ट्रीय हेल्पलाइन

ग्राहक सेवेचे ठरावीक उत्तर आले, की पुढचे दार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे. प्रत्येक ई-कॉमर्स संस्थेने या अधिकाऱ्याचे नाव, पदनाम आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. तो बहुधा पानाच्या अगदी तळाशी सापडतो. या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असे २०२० चे नियम सांगतात. आम्ही २९ ऑक्टोबरला घटनाक्रम तारखांसह एका पानात लिहिला आणि बिल, १४ तारखेचे फोटो, २५ तारखेचा व्हिडिओ व जॉबशीट जोडले. ‘वापरलेली’ या आरोपाला उत्तर म्हणून लिहिले, की यंत्र एकदाच चालवले, ते चालवल्यावर दोष दिसला आणि दुसऱ्याच दिवशी परतीची विनंती केली. पाण्याचे डाग हे त्या तपासण्याचेच आहेत. ‘तुटलेली’ या आरोपाला उत्तर म्हणून दोन तारखांचे मुठीचे फोटो शेजारी शेजारी लावले. शेवटी बाजारपेठ आणि बिलावर नाव असलेला विक्रेता या दोघांकडे ३,२९९ रुपयांची मागणी केली. बिलावरचे विक्रेत्याचे नाव आणि पत्ता इथे उपयोगी पडतो, कारण दुकान एक आणि विकणारा दुसराच, असे बहुतेक वेळा असते.

पोच ३१ तारखेला आली. ७ नोव्हेंबरला उत्तर आले, ‘गोदामाचा निर्णय अंतिम आहे’. छायाचित्रे दिली नव्हती.

त्यानंतर ९ नोव्हेंबरला आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवली. १९१५ हा क्रमांक आहे आणि consumerhelpline.gov.in या संकेतस्थळावरही नोंदणी होते. मराठीत बोलता येते. इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी, की हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीच्या वरच्या विभागाकडे पोहोचवते आणि उत्तर मागते. पण ज्या कंपन्यांशी तिचा थेट संपर्क आहे, तिथे तक्रार पहिल्या फळीतल्या कर्मचाऱ्याला टाळून पुढे जाते, आणि कागद नीट असतील तर तेवढ्याने काम होते. फॉर्ममध्ये कथा सांगत बसू नये. तारीख, रक्कम, नकाराचे कारण, अधिकाऱ्याचे उत्तर आणि कोणती माहिती मागूनही दिली नाही, एवढेच लिहावे.

जिल्हा आयोगाकडे जाण्याची वेळ आली तर

हेल्पलाइनने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने एक मोठी सोय केली आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, उदगीरच्या माणसाने लातूरला तक्रार दाखल केली तर चालते. वस्तू पुतण्याने मागवली आणि वापरणार वहिनी, हीदेखील अडचण नाही, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच असतो. फक्त पुतण्याचे संमतीपत्र आणि त्याच्या खात्यातील ऑर्डरचे पान सोबत जोडावे.

वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील नसला तरी चालते, आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्या तक्रार भरता येते. तक्रारीला शपथपत्र, बिल, पत्रव्यवहार आणि पुरावे जोडावे लागतात. विरुद्ध पक्ष म्हणून बाजारपेठ आणि विक्रेता दोघांनाही घ्यावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवून कोणाला सुटता येत नाही. वस्तूचा दोष उत्पादनातलाच असेल, तर उत्पादकालाही घ्यावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. मात्र तीन हजारांच्या मिक्सरसाठी काही महिने तारखा पाहण्याची तयारी आहे का, हे आधी ठरवावे. कायद्याने तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करायला सांगितले आहे, पण व्यवहारात वेळ जास्त लागू शकतो. वस्तू महाग असेल, किंवा कंपनीने छायाचित्रे न देताच नकार रेटला असेल, तर मी जाण्याच्या बाजूने आहे.

आमच्यावर ती वेळ आली नाही. २४ नोव्हेंबरला पूर्ण ३,२९९ रुपये पुतण्याच्या खात्यात जमा झाले आणि मिक्सर पुन्हा घेऊन जाण्यासाठी कुरिअर पाठवतो असा संदेश आला. त्या वेळी वहिनींनी स्वतःच मोबाइल उभा करून व्हिडिओ सुरू केला, मुठीची जुनी चीर कॅमेऱ्यासमोर बोटाने दाखवली, अनुक्रमांक मोठ्याने वाचला, आणि त्या मुलाच्या मोबाइलवर पिकअप पूर्ण झाल्याचा संदेश दिसल्यावरच खोके त्याच्या हाती दिले.